दातांपासून २८ सेंटिमीटर

"घास हितं अडतोय बघा," असे म्हणून त्यांनी गळ्याच्या खळगीवर बोट ठेवले. वय साठीच्या आतबाहेरचे, जन्मभर ज्वारीच्या भाकरीवर वाढलेला देह. तीन महिन्यांपूर्वी भाकरीचा घास अडू लागला, तेव्हा ते ती आमटीत कुस्करून खाऊ लागले. मग तीही उतरेना, म्हणून मऊ भात. आमच्याकडे आले तेव्हा पेज आणि ताक यांवर दिवस चालले होते आणि सदरा अंगावर लोंबत होता.

दुर्बीण टाकली. त्यांनी बोट ठेवले होते तिथे काहीच नव्हते. दुर्बिणीच्या लवचिक नळीवर सेंटिमीटरच्या खुणा छापलेल्या असतात. नळी आत जाते तशी वरच्या पुढच्या दातांपाशी जी खूण येते, तो आकडा अहवालात लिहितात. खळगीची पातळी साधारण २० ला येते. वाढ दिसली ती २८ ला. अडथळा खाली असला तरी घास वर, गळ्यात अडल्यासारखा वाटतो, हे फार वेळा घडते. म्हणून रुग्णाच्या बोटापेक्षा नळीवरच्या आकड्यावर जास्त विश्वास ठेवावा लागतो.

अहवाल वाचून त्यांच्या मुलाने विचारले, "डॉक्टर, हे अठ्ठावीस म्हणजे काय?" प्रश्न चार शब्दांचा होता. पण अन्ननलिका कुठून जाते, तिला रक्त कोण देते आणि तिच्यातला रोग कुठे पसरतो, हे सगळे सांगितल्याशिवाय त्याचे उत्तर पुरे होत नाही.

मोठ्या माणसाची अन्ननलिका सुमारे २५ सेंटिमीटर लांब असते. दातांपासून १५ सेंटिमीटरवर, म्हणजे कंठमण्याच्या खाली हाताला लागणाऱ्या कुर्च्यांच्या कड्याच्या खालच्या काठाशी, ती सुरू होते आणि ४० च्या आसपास जठरात उघडते. मानेतून ती श्वासनलिकेच्या मागून आणि मणक्यांच्या पुढून उतरते. छातीत शिरून तिथला लांब पल्ला गाठते, श्वासपटलाच्या भोकातून पोटात येते आणि जेमतेम दोन सेंटिमीटर गेली की जठराला मिळते. घास गिळला नसेल तेव्हा ती पुढून मागे चपटी झालेली, मिटलेली असते.

ही वाट ओळंब्यासारखी सरळ नाही. मानेच्या तळाशी ती किंचित डावीकडे झुकते, म्हणून मानेतली अन्ननलिका गाठायची तर सर्जन सहसा डावीकडून चिरा घेतात. छातीत महाधमनीची कमान तिला पुन्हा मध्यावर सारते. खाली ती परत डावीकडे आणि पुढे येते, महाधमनी ओलांडते आणि मग पोटात उतरते. पण ही वळणे सौम्य आहेत आणि मान मागे टाकली की जवळपास सरळ होतात. जर्मनीतल्या फ्रायबुर्गचे डॉक्टर आडोल्फ कुसमाउल यांनी १८६८ मध्ये याचाच फायदा घेतला. जठरात सरळ ताठ नळी घालून पाहण्यासाठी त्यांनी तलवार गिळून दाखवणारा खेळकरी गाठला होता.

आता या वाटेवरच्या अरुंद जागा. १५, साडेबावीस, साडेसत्तावीस आणि ४० हे चार आकडे वैद्यकीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडून पाठ करून घेतात. पहिली जागा अन्ननलिकेच्या तोंडाशी आहे. तिथे एक स्नायू पट्ट्यासारखा आवळलेला असतो आणि गिळताना क्षणभर सैल होतो. अपेंडिक्स सोडले तर साऱ्या अन्नमार्गात याहून अरुंद जागा नाही. दुसरी जागा महाधमनीची कमान अन्ननलिकेला ओलांडते तिथे, तिसरी डाव्या फुप्फुसाकडे जाणारी श्वासनलिकेची फांदी पुढून दाबते तिथे आणि चौथी श्वासपटलाच्या भोकाशी. पहिल्या आणि चौथ्या जागी स्नायूंची पकड आहे. मधल्या दोन जागी अन्ननलिका स्वतः आवळलेली नाही, शेजाऱ्यांनी तिला दाबले आहे.

हे आकडे मोठ्या माणसाचे. लहान मुलांत अंतरे कमी असतात, पण जागा त्याच. मुलाने नाणे गिळले तर ते बहुतेक वेळा पहिल्याच जागी अडकते. छातीच्या एक्स-रेत ते पूर्ण गोल दिसले तर अन्ननलिकेत आहे असे समजायचे, कारण चपट्या नळीत नाणे आडवे, तोंड पुढे करून बसते. श्वासनलिकेत गेलेले नाणे सहसा कडेवर उभे दिसते. मूल नीट श्वास घेत असेल, लाळ गिळत असेल आणि दुखत नसेल, तर डॉक्टर नाण्याला काही तास खाली सरकायला देतात.

पण त्या गोल सावलीच्या काठाशी दुहेरी कडे दिसले तर ते नाणे नव्हे, रिमोटमधली बटणासारखी बॅटरी आहे. लिथियमची नेहमीची बटण बॅटरी २० मिलिमीटर रुंद असते, म्हणजे जवळपास रुपयाएवढी. दोन्ही बाजूंना ओली भिंत लागली की बॅटरीतून वीज वाहू लागते, तिच्या ऋण टोकाशी तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांत भिंत खोलवर भाजू शकते. बॅटरी काढल्यावरही हे भाजणे काही दिवस आत पसरत राहते. ती महाधमनीच्या कमानीपाशी अडकली असेल, तर पुढे काही आठवड्यांनी जखम थेट महाधमनीत फुटून मूल दगावल्याच्या नोंदी आहेत. म्हणून बॅटरी गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट पाहायची नाही. उलटी करवायची नाही, दुर्बिणीची सोय असलेले रुग्णालय तडक गाठायचे.

मोठ्या माणसांत मधल्या अरुंद जागी गोळ्या अडतात. डॉक्सिसायक्लिनसारखी गोळी घोटभर पाण्याबरोबर घेऊन लगेच आडवे झाले तर ती महाधमनीच्या पातळीवर रेंगाळते, तिथेच विरघळते आणि भिंतीला व्रण पडतो. दुसऱ्या दिवशी पाणी गिळतानाही छातीच्या मधोमध चाकू फिरल्यासारखे दुखते. गोळी पेलाभर पाण्याबरोबर, बसून घ्या, असे सांगतात ते यासाठी. ॲसिड प्यायलेल्या माणसातही ते या अरुंद जागी जास्त वेळ टेकते, आणि नंतर नळी आकसते ती बहुधा तिथेच.

आमच्या रुग्णाची वाढ २८ ला, म्हणजे तिसऱ्या अरुंद जागेच्या अगदी लगत होती. इथे अन्ननलिकेच्या पुढच्या भिंतीला डाव्या श्वासनलिकेची फांदी जवळजवळ चिकटलेली असते. जठर आणि आतड्यावर बाहेरून एक गुळगुळीत आवरण असते. छातीतल्या अन्ननलिकेवर ते नाही, नुसते सैल तंतू आहेत. म्हणून इथली वाढ भिंत ओलांडून शेजाऱ्यात शिरायला वेळ लागत नाही. अशा रुग्णाला पाणी पिताच ठसका लागू लागला, तर अन्ननलिका आणि श्वासनलिका यांच्यात भोक पडले असण्याची भीती असते, आणि मग शस्त्रक्रियेचा विचारच थांबतो. यांना ठसका नव्हता. तरी श्वासनलिकेतही दुर्बीण घालून पाहिले. फांदीची भिंत किंचित आत ढकललेली होती, पण शाबूत होती.

हाच आकडा ३४ असता तर शेजारी बदलला असता. तिथे पुढे हृदयाचा डावा वरचा कप्पा टेकलेला असतो. अन्ननलिकेतून हृदयाची सोनोग्राफी करतात ती या पातळीवरून. सांधेतापाने हृदयाची झडप आकसून हा कप्पा फुगला, की तो मागे अन्ननलिकेला दाबतो. कधी कधी घास अडण्याचे मूळ घशात नसून हृदयात असते ते यामुळे.

रक्ताचे म्हणाल तर अन्ननलिकेला स्वतःची अशी एक मोठी धमनी नाही. ती ज्या ज्या मुलखातून जाते, तिथल्या धमनीकडून शिधा घेत जाते. मानेत थायरॉइडला रक्त देणारी खालची धमनी तिला फांद्या देते. छातीत थेट महाधमनीतून आणि श्वासनलिकांच्या धमन्यांतून बारीक फांद्या येतात. पोटाकडच्या शेवटच्या भागाला जठराची डावी धमनी पोसते. या फांद्या भिंतीत शिरण्याआधीच विभागून केसासारख्या होतात आणि भिंतीत वरपासून खालपर्यंत जाळे विणतात. मिशिगन विद्यापीठातले सर्जन मार्क ऑरिंजर यांनी १९७८ मध्ये छाती न उघडता, मान आणि पोट यांतून हात घालून अन्ननलिका सोडवून काढण्याची जुनी पद्धत पुन्हा रूढ केली. धमन्या न बांधता असे करता येते, कारण त्या बारीक फांद्या तुटताच आकसतात आणि रक्त थोडक्यात थांबते.

रक्त परत नेणाऱ्या शिरांची कथा मात्र वेगळी, कारण त्या दोन राज्यांत विभागल्या आहेत. वरच्या आणि मधल्या भागातले रक्त मानेतल्या आणि छातीतल्या शिरांतून थेट हृदयाकडे जाते. शेवटच्या भागातले रक्त जठराच्या डाव्या शिरेतून पोर्टल शिरेत आणि तिथून यकृतात जाते. दोन्ही राज्यांची सीमा अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी आहे आणि तिथे बारीक शिरांनी ती एकमेकांना जोडलेली आहेत. एरवी या जोडवाटा रिकाम्या गल्ल्यांसारख्या असतात.

यकृत दारूने, हेपॅटायटिसने किंवा चरबीने दगडासारखे कडक झाले, की पोर्टल शिरेतले रक्त तुंबते. यकृताच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब यांतला फरक निरोगी माणसात ५ मिलिमीटरपर्यंत असतो. तो १० च्या वर गेला, की रक्त त्या गल्ल्यांतून उलटे वर चढू लागते आणि शिरा गांडुळांसारख्या फुगतात. १२ च्या वर गेला, की त्या फुटण्याचा धोका येतो. अन्ननलिकेच्या शेवटच्या चार-पाच सेंटिमीटरमध्ये या शिरा अस्तराच्या अगदी लगत खाली असतात, बाकी लांबीत त्या खोल असतात. म्हणून त्या फुटतात त्या बहुधा इथेच, आणि माणूस बादलीभर रक्त ओकतो. दुर्बिणीतून रबराची बारीक कडी चढवून त्या बांधायच्या, त्याही याच पट्ट्यात. फुगलेल्या शिरा ३८ सेंटिमीटरवर दिसल्या तर यकृत तपासायचे. त्या फक्त वरच्या भागात, २० ते २५ च्या दरम्यान दिसल्या, तर छातीत वरची मोठी शीर कशाने तरी दाबली जात आहे का, ते शोधायचे. शिरा फुगलेल्या त्याच, पण आकडा पाहून तपासायचा अवयव बदलतो.

आमच्या रुग्णाचे यकृत ठीक होते. त्यांचे भवितव्य तिसऱ्या वाहतुकीवर अवलंबून होते, ती म्हणजे लसिका. पेशींभोवती झिरपलेले पाणी गोळा करून नेणाऱ्या या बारीक वाहिन्या, आणि त्यांच्या वाटेवर चौक्यांसारख्या बसलेल्या लसिकाग्रंथी. पुस्तकातला ढोबळ नियम सोपा आहे. मानेतल्या भागाची लसिका मानेच्या ग्रंथींकडे जाते, छातीतल्या भागाची श्वासनलिकेभोवतीच्या आणि छातीच्या मागच्या ग्रंथींकडे, आणि खालच्या टोकाची जठराच्या डाव्या धमनीभोवतीच्या ग्रंथींकडे.

अन्ननलिका हा नियम पाळत नाही. आतड्यात लसिकावाहिन्या मुख्यतः भिंतीतून आडव्या बाहेर पडतात. अन्ननलिकेत मात्र अस्तराखाली लांबीच्या दिशेने, वरून खाली धावणारे दाट जाळे आहे. त्यात शिरलेली कर्करोगाची पेशी शेजारच्या ग्रंथीत न थांबता भिंतीच्या आतून वर मानेपर्यंत किंवा खाली पोटापर्यंत जाऊ शकते. हे जाळे अस्तराच्या इतके जवळ आहे, की वाढ स्नायूपर्यंत पोहोचण्याआधीच पेशी त्यात शिरू शकतात. वरच्या भागातून प्रवाह बहुधा वर जातो आणि खालच्या भागातून बहुधा खाली. २८ सेंटिमीटर म्हणजे मधला भाग. इथून दोन्ही वाटा मोकळ्या.

म्हणून त्यांच्या मानेची सोनोग्राफी केली आणि छाती-पोटाचे पेट स्कॅन. डाव्या कॉलर बोनच्या वरची ग्रंथी हाताने चाचपली, कारण तिथे दगडासारखी टणक गाठ लागली तर रोग फार पुढे गेलेला असतो. आवाज बसला आहे का तेही विचारले. स्वरयंत्राची नस श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधल्या खाचेतून वर जाते आणि तिच्या कडेच्या ग्रंथी सुजल्या की आवाज घोगरा होतो. मान साफ होती, आवाज खणखणीत होता. पण स्कॅनमध्ये श्वासपटलाच्या खाली, जठराच्या डाव्या धमनीपाशी एक ग्रंथी उजळ दिसली.

मुलगा फिल्मकडे बघत म्हणाला, "गाठ छातीत आणि ही पोटात. मधलं सगळं स्वच्छ. मग ही वेगळी असेल ना?" तसे नव्हते. एक घर सोडून पुढच्या घरी जाण्याची ही अन्ननलिकेची रीतच आहे. त्यामुळेच नुसती २८ ते ३२ मधली वाढ कापून दोन टोके जोडता येत नाहीत. भिंतीच्या आतून पेशी कुठवर गेल्या, हे डोळ्यांना दिसत नाही. जवळजवळ सगळी अन्ननलिका आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या ग्रंथी काढाव्या लागतात.

आधी पाच आठवडे किरणोपचार आणि त्याबरोबर आठवड्याला एकदा केमो असा उपचार झाला. मग काही आठवडे विश्रांती आणि नंतर शस्त्रक्रिया. काढलेल्या अन्ननलिकेच्या जागी काय, हा प्रश्न जुना आहे. न्यूयॉर्कचे सर्जन फ्रान्झ टोरेक यांनी १९१३ मध्ये छातीतली अन्ननलिका पहिल्यांदा यशस्वीपणे काढली, तेव्हा वरचे टोक मानेतून बाहेर आणले, पोटावर जठराचे तोंड उघडले आणि दोन्ही शरीराबाहेरून रबरी नळीने जोडली. ती ६७ वर्षांची बाई पुढे बारा वर्षांहून अधिक त्या नळीतून जेवली.

आज जठराचीच लांब नळी करून ती मानेपर्यंत वर नेतात. इथे रक्त आणि लसिका यांचा पेच पडतो. जठराच्या डाव्या धमनीभोवतीच्या ग्रंथी काढायच्या, तर ती धमनी मुळाशी कापावी लागते, आणि जठराची मोठी पोशिंदी तीच. मग ती सारी नळी मुख्यतः जठराच्या खालच्या काठाने उजवीकडून येणाऱ्या एका धमनीवर जगते. तिचे वरचे टोक या धमनीपासून सर्वांत दूर, आणि टाके घालायचे ते नेमके तिथेच. वर अन्ननलिकेला बाहेरचे आवरण नाही, त्यामुळे टाकाही घट्ट धरत नाही. म्हणून या शस्त्रक्रियेत जोड गळण्याची धास्ती पहिले आठ-दहा दिवस असते. ताप, वाढलेली नाडी, मानेच्या जखमेतून येणारी लाळ यांवर लक्ष ठेवावे लागते. जोड मानेत असेल तर गळती बहुधा जखम मोकळी करून आणि ड्रेसिंग करून भरून येते. छातीत गळली तर जिवावर बेतते.

त्यांचा जोड गळला नाही. काढलेल्या भागाच्या अहवालात २८ च्या जागी व्रणाचा वण होता आणि थोड्या पेशी शिल्लक होत्या. जठराच्या डाव्या धमनीजवळच्या त्या एका ग्रंथीतही कर्करोग सापडला, मधल्या एकीतही नाही. आता ते दिवसातून सहा-सात वेळा थोडे थोडे जेवतात, रात्री उशाला उंच उशी घेऊन झोपतात आणि भाकरी दुधात भिजवून खातात.

अन्ननलिका ताणली जाणारी नळी आहे, म्हणून ती तक्रार उशिरा करते. पोकळी सुमारे १३ मिलिमीटरपर्यंत आकसली, की घट्ट घास अडायला लागतो. तोवर वाढीने बराच घेर व्यापलेला असतो आणि लसिकेच्या वाटा मोकळ्याच असतात. भाकरी अडू लागल्यावर आपल्याकडे माणसे भात खातात, भात अडला की पेज पितात, आणि त्या तडजोडीत तीन महिने जातात. भाकरीचा घास दोन आठवडे अडत असेल तर भातावर जाऊ नका. दुर्बीण करून घ्या आणि अहवालात लिहिलेला आकडा कुठला ते विचारा.